शून्य साखरेच्या कॅनमध्ये १०० कॅलरी येतात कुठून?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हार्ड सेल्ट्झरवर, म्हणजे अल्कोहोल असलेल्या फळाच्या चवीच्या सोड्यावर, जो लेख आला, तो आमच्या घरात मोठ्याने वाचला गेला. वाचणारी माझी भाची. लेखाखाली एक तक्ता होता : बिअर १५० कॅलरी, सेल्ट्झर १००, बिअरमध्ये कार्बोहायड्रेट १३ ग्रॅम, सेल्ट्झरमध्ये २. "बघ मावशी, यात साखरच नाही," असं म्हणून तिने तक्ता माझ्यासमोर धरला. मी बिअरच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत २२ वर्षं काढली आहेत, त्यामुळे माझी नजर आधी गेली ती नसलेल्या रकान्याकडे. अल्कोहोल किती, हे तक्त्यात कुठेच नव्हतं.

तक्त्यातले आकडे चूक नाहीत, हे आधी कबूल करते. पण ते जे सांगतात आणि वाचणारा जे समजतो, त्यात बरंच अंतर आहे.

हिशेब सोपा आहे. कॅन ३५५ मिलिलिटरचा, अल्कोहोल ५ टक्के. म्हणजे पावणेअठरा मिलिलिटर अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ०.७९ ने गुणायचं. आले १४ ग्रॅम. एक ग्रॅम अल्कोहोल शरीरात ७ कॅलरी देतं. चौदा साते अठ्ठ्याण्णव. म्हणजे सेल्ट्झरच्या १०० कॅलरींपैकी जवळजवळ सगळ्या एकट्या अल्कोहोलच्या आहेत. बाकी पाणी, फसफस, आंबटपणा आणि वास. त्याच मापाच्या ५ टक्के बिअरमध्येही तेवढंच १४ ग्रॅम अल्कोहोल असतं, त्याच ९८ कॅलरी. वरच्या पन्नासेक कॅलरी त्या १३ ग्रॅम कार्बोहायड्रेटच्या. थोडक्यात, पन्नास कॅलरी वाचल्या हे खरं, पण नशा आणि यकृतावरचं काम यात कणभरही बचत झालेली नाही. ४.२ टक्क्यांच्या 'लाइट' बिअरशी तुलना केली, तर ते पन्नासही उरत नाहीत. तिच्याही कॅलरी शंभराच्या आसपासच असतात आणि अल्कोहोल सेल्ट्झरपेक्षा कमी.

आता साखरेबद्दल. बिअरमधले ते १३ ग्रॅम म्हणजे साखर नव्हे. माल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवातली, साधी साखर यीस्ट खाऊन टाकतं. उरतात ती डेक्स्ट्रिन्स, म्हणजे पिष्टाचे यीस्टला न पचणारे लांब तुकडे. बिअर तोंडात 'भरीव' लागते ती बरीचशी त्यांच्यामुळे. आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलांना मी एक प्रयोग करून दाखवायची. एका चिनी मातीच्या वाटीत बिअर, दुसरीत सेल्ट्झर, आणि दोन्ही उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवायच्या. दुपारपर्यंत बिअरच्या वाटीत काकवीसारखा तपकिरी, बोटाला चिकटणारा थर राहायचा. सेल्ट्झरच्या वाटीत कडेला एक पातळ पांढुरकी रेघ. तक्त्यातला सगळा फरक तो एवढाच. जे उडून गेलं, ते दोन्ही वाट्यांतून सारखंच उडालेलं.

आणि गंमत अशी, की 'साखर नसलेलं' हे पेय मुळात बनतं साखरेपासूनच. उसाची साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून त्यात यीस्ट सोडतात. एका कॅनपुरतं १४ ग्रॅम अल्कोहोल तयार व्हायला साधारण २७ ग्रॅम साखर लागते, म्हणजे पाच-सहा चमचे. यीस्ट ती खातं, कर्बवायू सोडतं आणि अल्कोहोल मागे ठेवतं. २७ ग्रॅम साखरेच्या कॅलरी सुमारे १०८, तयार अल्कोहोलच्या ९८. कॅलरी गेल्या नाहीत, त्यांनी फक्त कपडे बदलले.

हे काम बाहेरून वाटतं तितकं सोपं नाही. जवाच्या माल्टमध्ये यीस्टला लागणारं नायट्रोजन, जीवनसत्त्वं, जस्त असं बरंच काही आपसूक असतं. नुसत्या साखरपाण्यात यातलं काहीच नसतं. आमच्याकडे पहिल्यांदा चाचणीची टाकी लावली, तेव्हा वरिष्ठांनी पोषकद्रव्यं बेताचीच घातली. तिसऱ्या दिवशी टाकीजवळ गेलं की कुजक्या अंड्यांचा वास. उपाशी यीस्ट हायड्रोजन सल्फाइड सोडतं, त्याचा तो. पीएच मोजला तर ३ च्याही खाली. माल्टमध्ये आम्ल आवरून धरणारे घटक असतात. साखरपाण्यात ते नसल्याने पीएच दगडासारखा खाली जातो. निम्मी साखर तशीच उरली आणि यीस्ट बसलं ते बसलंच. टाकी शेवटी ओतून द्यावी लागली. पुढच्या वेळी पोषण टप्प्याटप्प्याने दिलं, पोटॅशियम बायकार्बोनेट घालून पीएच सांभाळला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

असं बनलेलं मूळ द्रव बऱ्याचदा ५ टक्क्यांच्या कितीतरी वर आंबवतात. मग ते सक्रिय कोळशातून गाळतात, म्हणजे रंग आणि वास निघून जातो. नंतर पाणी घालून ५ टक्क्यांवर आणायचं, सायट्रिक आम्ल, फळाचा फ्लेवर, कधी थोडा रस किंवा गोडी, आणि शेवटी दाबाने कर्बवायू. काही कारखाने साखरेऐवजी माल्ट आंबवून तेही असंच निर्वास करून घेतात, तर काही सरळ वोडका घालतात. ग्लूटेन चालत नसलेल्यांनी इथे सावध राहावं. साखरेपासूनचं सेल्ट्झर त्यांना सहसा चालतं, माल्टपासूनचं नाही. आणि कॅनच्या दर्शनी बाजूला दोन्हींवर तेच लिंबू आणि तेच थेंब असतात. मागची बारीक अक्षरं वाचायची. गाळणी नीट झाली नसेल तर तेही ओळखता येतं. ग्लासात ओतून कोमट होऊ द्यावं आणि मग हुंगावं. गार असताना फळाचा फ्लेवर जे झाकतो, ते ओल्या धान्याचा किंवा गंधकाचा वास होऊन वर येतं.

भाचीने मग कॅनमधल्या कॉकटेलचा विषय काढला. लेखात त्यांना सेल्ट्झरच्याच पंगतीला बसवलंय आणि माझी खरी तक्रार इथे आहे. सेल्ट्झर बहुतेक ४ ते ६ टक्क्यांत असतं. तयार कॉकटेलमध्ये तसा कुठलाच ठरलेला आकडा नाही. ५ टक्के असेल, १० असेल, १२ असेल. ३५५ मिलिलिटरच्या १२ टक्के कॅनचा हिशेब करू : साडेबेचाळीस मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ ३४ ग्रॅम अल्कोहोल. आकार, वजन, गारवा सगळं बिअरच्या कॅनसारखं, आणि आत अल्कोहोल मात्र बिअरच्या दोन कॅनपेक्षाही जास्त. नुसत्या अल्कोहोलच्या २३५ कॅलरी. त्यात २५ ग्रॅम साखर असेल तर आणखी शंभर. छोट्या कॅननेही फसू नये. २०० मिलिलिटरचा १० टक्के कॅन हातात खेळण्यासारखा दिसतो, पण त्यात पावणेसोळा ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे बिअरच्या अख्ख्या कॅनपेक्षा जास्त.

आणि नाव? 'मार्गारिटा' लिहिलेल्या प्रत्येक कॅनमध्ये टकीला असतेच असं नाही. अमेरिकेत अशी कितीतरी पेयं माल्ट आंबवून, निर्वास करून, वर फ्लेवर घालून बनतात. कारण चवीचं नाही, कराचं आणि परवान्याचं आहे : आंबवलेलं पेय बिअरच्या खात्यात जातं, तिथे कर कमी आणि विक्रीची दुकानं जास्त. यात कोणी कोणाला विष पाजत नाही, पण टकीलाच्या अपेक्षेने घेणाऱ्याला मिळतो फक्त तिचा वास.

बिअरची बाजू घेते असा आरोप होईल; पोट त्यावरच भरलंय, तेव्हा होऊ दे. पण बिअरचा कडवटपणा आणि भरीवपणा पिणाऱ्याला आपोआप थोडं थांबवतात. गोड, आंबट आणि बर्फगार पेयात ३४ ग्रॅम अल्कोहोल जिभेला जाणवतही नाही. सरबतासारखं घटाघटा जातं आणि अर्ध्या तासाने उठून उभं राहिलं की कळतं. दातांचंही तेच. बिअरचा पीएच सव्वाचार-साडेचार, सेल्ट्झरचा बहुधा ३ च्या आसपास. पीएचमधला एक आकडा म्हणजे दहापट आम्लता, म्हणून तासभर घोट घोट घेत बसणं दातांच्या इनॅमलला मानवत नाही. 'इलेक्ट्रोलाइट्स घातलेले' असं मिरवणाऱ्या कॅनबद्दल एवढंच म्हणेन, की अल्कोहोल लघवी आवरून धरणारं संप्रेरक दाबतं. चिमूटभर मिठाने ते भरून निघत नाही.

भाचीने कॅन उलटसुलट करून टक्के आणि मिलिलिटर शोधले, फोनवर गुणाकार केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चौदा. बिअरइतकंच." कॅन तिने परत फ्रीजमध्ये ठेवला नाही, प्यायलीच, पण दुसरा उघडला नाही.

ऑस्ट्रेलियात अशा कॅनवर १० ग्रॅमचं एक माप धरून 'यात अशी किती मापं' हे छापावं लागतं, आणि जपानमधल्या मोठ्या कंपन्या शुद्ध अल्कोहोल सरळ ग्रॅममध्ये लिहितात. तेव्हा माझी विनंती एवढीच, की तो तक्ता पुढच्या रविवारी पुन्हा छापावा आणि त्यात 'अल्कोहोल, ग्रॅममध्ये' असा एक रकाना वाढवावा. जागा कमी पडत असेल तर साखरेचा काढला तरी चालेल. बिअर आणि सेल्ट्झर या दोन ओळींत तो तसाही जवळजवळ रिकामाच राहणार आहे.

कळावे,
आपली एक वाचक
(निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ)