त्याच्या चिमट्याशेजारी तुम्ही लावलेला चिमटा

बाई,

हे तुम्हाला तोंडावर सांगायचं तर मला रडू येईल आणि अर्धं राहून जाईल, म्हणून लिहिते आहे. आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण माझ्या मुलाला ‘चावरा’ म्हणाले तेही सगळ्यांसमोरच म्हणाले होते.

तुमच्या अंगणवाडीत येण्याआधी तो गावाबाहेरच्या एका फीवाल्या बालवर्गात जायचा. तिथे तो मुलांना चावायला लागला. त्यांनी काय केलं? त्याला पायरीवर एकटं बसवलं, सगळ्यांपुढे ‘सॉरी’ म्हणायला लावलं आणि डायरीत लाल शाईने ‘वळण लावा’ असं लिहून पाठवलं. वर्षभरात एकाही माणसाने विचारलं नाही की हे पोर नेमकं कशामुळे चावतं. ‘रागीट आहे’ एवढं ठरवून मोकळे झाले. ते मी विसरले नाही, विसरणारही नाही.

तुमच्याकडे पहिले काही दिवस मी दाराशीच थांबायचे, म्हणून तुमची चेहऱ्यांची रीत डोळ्यांनी पाहिली. नारळाच्या चार करवंट्या, त्यांवर खडूने काढलेले आनंद, वाईट वाटणं, राग आणि भीती. काथ्याचे केस. मुलं आली की आपलं चित्र लावलेला कपड्यांचा चिमटा ज्या करवंटीखालच्या दोरीला लावावासा वाटेल तिथे लावणार. माझा लेक रोज रागाखाली लावायचा. सगळे त्याला रागीटच म्हणत होते, मग त्याला तरी दुसरं काय ठाऊक असणार?

तुम्ही करवंटीवरचं तोंड हाताने झाकायचात आणि विचारायचात, “आता नुसते डोळे न् भुवया बघा. कोण आहे हा?” तेव्हा मला कळलं की लहान मुलं आधी ओठांकडेच बघतात. हसरा चेहरा त्यांना चटकन ओळखता येतो, पण राग आणि भीती यांत गोंधळ होतो, कारण तोंड दोन्हीकडे उघडं असू शकतं. रागात भुवया खाली, नाकाकडे ओढलेल्या. भीतीत त्या वर चढलेल्या आणि डोळे मोठे. एकदा भुवया बघायची सवय लागली की मुलं एकमेकांची तोंडंही तशीच वाचू लागली.

मग ती गोष्ट. तुम्ही आधी कासवाची सांगायला घेतली होती, राग आला की डोकं पाठीत घेऊन बसणाऱ्या कासवाची. वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना पाहून आलेली एक मुलगी मध्येच म्हणाली, “बाई, आपलं कासव डोकं आत घेत नाय.” खरंच आहे ते, समुद्री कासवाला डोकं आत घेताच येत नाही. दुसऱ्या कुणी तिला ‘गप्प बस’ म्हटलं असतं. तुम्ही म्हणालात, “बरोबर बोललीस. मग आत कोण जातं?” सगळे ओरडले, “शंखातला खेकडा!” ओहोटीला खडकांत रोज दिसणारा. त्याचं तुम्ही शंखोबा केलंत.

शंखोबाचं शेवाळ दुसऱ्या खेकड्याने पळवलं. त्याची नांगी वर झाली. तुम्ही तिथेच थांबलात. “आता ह्याचं तोंड कुठलं?” काहींनी रागाची करवंटी दाखवली, काहींनी वाईट वाटल्याची. तुम्ही एकालाही चूक म्हटलं नाही. “दोन्ही एकदम असू शकतं,” एवढंच म्हणालात. शंखोबा आत गेला, तीनदा सावकाश फुंकर घातली, डोळे बाहेर काढून पाहिलं आणि बोलला, “ते माझं होतं. मला राग आलाय.” मारलं नाही, पण मुकाट गिळलंही नाही. मग वरून बगळ्याची सावली गेली, आणि शंखोबाची नांगी पुन्हा वर! “आता?” तुम्ही विचारलंत. बहुतेकांनी पुन्हा राग दाखवला.

माझ्या लेकाने भीती दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आपला चिमटा रागाखालून काढला आणि भीतीखाली लावला. एक मुलगा हसला. तुम्ही त्याला ओरडला नाहीत, लेकाला ‘कशाची रे भीती?’ असंही विचारलं नाहीत. उठलात, तुमचा चिमटा आनंदाखालून काढून त्याच्या शेजारी लावलात आणि म्हणालात, “वीज कडाडली की मला पण वाटते.” बस्स. पुढे हजेरी सुरू झाली.

बाई, माझ्यासाठी सगळं त्यात आलं. एवढ्या पोरांत, पगार कधी हातात पडेल याचा नेम नसताना, तुम्हाला हे सुचलं. चांगुलपणा असाच असतो बहुतेक, समोरच्याला उघडं न पाडता त्याच्या बाजूला जाऊन उभा राहणारा.

त्याच दिवशी जेवताना तो आपणहून तुम्हाला म्हणाला, “बाबा बोटीवर गेले.” तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बाबा दोन महिने घरी. ऑगस्टमध्ये बोटी सुटतात आणि बाबा आठ-आठ दिवस दिसत नाहीत. चावणं सुरू झालं होतं ते ऑगस्टमध्येच. रागीट नव्हता तो, भ्यालेला होता.

इतर आयांसाठी एक सांगते, कारण मी घरी तुमचंच पाहून करते. शांत व्हायला मुलांना तुम्ही तीन गोष्टी दिल्यात: शंखात जाणं, म्हणजे हातांनी स्वतःला मिठी मारून हनुवटी छातीला लावणं, भिंत ढकलणं, आणि गरम पेजेवर फुंकर. निवड मुलाची. ‘मोठा श्वास घे’ म्हटलं की पोरं खांदे उचलून भराभरा श्वास ओढतात आणि जास्तच अस्वस्थ होतात. म्हणून पेजेची वाटी हातात आहे असं समजायचं, वास घ्यायचा आणि पेज सांडणार नाही इतकी हळू, लांब फुंकर घालायची. खांदे हलले तर चुकलं, पोट हललं तर जमलं. हा सराव रोज खिचडीच्या आधी, सगळे शांत असताना. कुणी पेटलेलं असताना करवंट्या दाखवून उपयोग नाही, तेव्हा आधी बाकीच्या पोरांना बाजूला करायचं, त्याच्या जवळ बसायचं, कमी बोलायचं. आणि शांत व्हायला ठेवलेली कोपऱ्यातली चटई तुम्ही शिक्षेला कधीच वापरली नाहीत. पायरी आणि चटई यांतला फरक माझ्या मुलाला पहिल्याच आठवड्यात कळला.

अजून सगळं सरळ झालेलं नाही. वारा सुटला की तो आजही कुणाला तरी ढकलतो, आणि फुंकर दरवेळी लागू पडत नाही. पण परवा हात उगारलेला असतानाच तो माझ्याकडे बघून म्हणाला, “आई, मला भ्या वाटतंय,” आणि जाऊन भिंत ढकलू लागला.

तुमच्या दोन करवंट्यांना तडे गेलेत असं मदतनीस ताई म्हणाल्या. चार नवीन घासून, वाळवून ठेवल्या आहेत, काथ्याही आहे. सोमवारी त्याच्या हाती पाठवते.

तुमच्या वर्गातल्या एका मुलाची आई