फ्रिजमधल्या किल्ल्या

प्रिय ताई,

लंडनच्या पश्चिमेला, हाउन्स्लोतल्या त्या घरातल्या शूटिंगला आपण नऊच दिवस एकत्र काम केलं. तुम्ही कंटिन्युइटीला, शॉटला शॉट जुळतोय ना ते बघायला; मी रनर, पडेल ती धावपळ करायला. माझं नाव तुम्हाला आठवणार नाही, पण 'फ्रिज चालू करणारा पोरगा' म्हटलं की आठवेन. आभार तेव्हाच मानायचे होते, पण त्या रात्री मान वर करायची सोय नव्हती.

पहिली माती सकाळीच खाल्ली होती. रेडिओवर 'पिकअप' ऐकलं. माझ्या डोक्यात पिकअप म्हणजे गाडी. धावत जाऊन ड्रायव्हरला गाडी दारात आणायला सांगितली आणि इंजिनाची घरघर थेट टेकमध्ये गेली. ओरडा खाऊन झाल्यावर तुम्ही मला शेजारी बसवून स्क्रिप्टवरच्या उभ्या रेघा दाखवल्यात. एक रेघ म्हणजे एक शॉट, कुठल्या वाक्यापासून कुठल्या वाक्यापर्यंत चालला तो. चौथ्या टेकचा पहिला अर्धा भाग छान झाला होता, पुढे आईचं काम करणाऱ्या बाई अडखळल्या. म्हणून सगळं पुन्हा न करता मधूनच उचलायचं आणि पाटीवर 'टेक 5, पिकअप' लिहायचं. मी म्हटलं, सोपंय की. तुम्ही विचारलंत, "आणि या दोन तुकड्यांच्या मध्ये काय दाखवशील?" एकाच कोनातले दोन तुकडे नुसते जोडले तर माणूस पडद्यावर टुणकन उडतो. म्हणून सांधा येतो तिथे मुलीच्या शॉटची रेघ आहे ना, ते आधी बघायचं. आणि एक-दोन वाक्यं मागून सुरुवात करायची, म्हणजे हातातला कप आणि आवाजाची पट्टी दोन्ही जुळतात.

दुपारी 'टर्नअराउंड' झाला, म्हणजे कॅमेरा आणि दिवे मुलीच्या बाजूला फिरले. हाच शब्द रात्रीच्या विश्रांतीलाही वापरतात, हे तुम्ही न सांगता मला कळलं नसतं. आज सुटल्यापासून उद्याच्या कॉलपर्यंत 11 तास. उद्याचा कॉल साडेसातचा, म्हणजे आज साडेआठला मोकळं व्हायलाच हवं, नाहीतर उद्याची सगळी सकाळ पुढे सरकते.

त्यात हीथ्रोची विमानं. वारा पश्चिमेचा असला की उतरणारी विमानं दुपारी तीनला धावपट्टी बदलतात. तीनपर्यंत आपण सुखात होतो, त्यानंतर आपल्याच डोक्यावरून रांग लागली. मुलीच्या क्लोजअपचा सातवा टेक दिग्दर्शकाला हवा तसा मिळाला, फक्त तिच्या तीन वाक्यांवर विमान बसलं होतं. चित्र सोन्यासारखं, आवाज गेलेला.

8:10 ला मार्टिनी शॉट झाला. दिवसाचा शेवटचा शॉट तो. याच्यापुढचा शॉट थेट ग्लासातला, म्हणून हे नाव. मला वाटलं, संपलं! मी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजचं बटण दाबलं आणि रेडिओवर सुट्टीही जाहीर करून टाकली. इलेक्ट्रिशियन केबल गुंडाळू लागले, मुलीचं काम करणारी नटी मेकअप पुसायला निघाली. साउंड रेकॉर्डिस्ट मात्र हेडफोन लावून तसाच उभा होता, कारण त्याचा वाइल्ड ट्रॅक राहिला होता.

त्या गोंधळात नटीला जिन्यात गाठून तुम्ही परत आणलंत आणि तेवढ्यात मला समजावलंत. वाइल्ड ट्रॅक म्हणजे कॅमेऱ्याला न बांधलेला आवाज. चित्रच नाही, म्हणून पाटीही वाजवायची नाही, नुसतं तोंडाने 'वाइल्ड ट्रॅक, स्लेट 57' म्हणायचं. खोली तीच, माइक तोच आणि तेवढ्याच अंतरावर. नटीने आधी सातवा टेक हेडफोनवर ऐकला, कारण क्लोजअपमध्ये ओठ दिसतात आणि वेग चुकला तर एडिटरला ते वाक्य बसवता येत नाही. मग तिने तीनही वाक्यं तीन-तीनदा म्हटली, मध्ये श्वास सोडून, कुणाच्या आवाजावर आवाज न चढवता. पुढे स्टुडिओत डबिंग करता आलं असतं, पण त्या खोलीचा घुमारा आणि दिवसभर रडलेला तो गळा तिथे कुठून आणणार?

फ्रिज अर्थातच पुन्हा बंद केला. शेवटी अर्धा मिनिट सगळे पुतळ्यासारखे उभे राहिलो, खोलीची नुसती शांतता नोंदवायला. वाक्यांच्या मधल्या फटी तिनेच भरायच्या असतात आणि त्यात फ्रिजची गुणगुण आली असती तर त्या फटी उघड्या पडल्या असत्या. 8:27 ला खरी सुट्टी झाली. माझ्या चुकीबद्दल फर्स्ट असिस्टंट डायरेक्टरना तुम्ही काय सांगितलंत, ते मला अजून ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी माझं नाव कॉलशीटवर होतं, एवढंच पाहिलं.

जाताना रेकॉर्डिस्टने फ्रिजमधून गाडीच्या थंडगार किल्ल्या काढल्या. फ्रिज बंद केला की किल्ल्या आत ठेवायच्या, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही. बटण दाबायच्या आधी मी दार उघडून पाहिलं असतं तर कळलं असतं, त्याचं काम अजून बाकी आहे.

हल्ली मी साउंडला असिस्टंट आहे, ताई. गाडी नाही अजून, म्हणून घराची किल्ली ठेवतो.

तुमचा,
फ्रिजवाला