उद्याची पन्हाळा-पावनखिंड मोहीम रद्द

मंडळी, उद्या पहाटे पाचला बिंदू चौकात कोणीही येऊ नका. मोहीम रद्द आहे, उशिरा नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडलीय. केर्लीजवळ पाणी रस्त्यावर आलं तर परत यायची वाट बंद.

ब्रॉडकास्ट लिस्टवरून मेसेज टाकला, तर माझा नंबर सेव्ह नसलेल्यांना तो पोचतच नाही. मागच्या खेपेला त्यापायीच चौघं भर पावसात डबे घेऊन उभे! म्हणून हे ग्रुपवरच. वाचलं की 👍 टाका, 'का रद्द?' वगैरे नंतर विचारा, नाहीतर सूचना वर सरकते. रात्री नऊपर्यंत 👍 न आलेल्यांना गटप्रमुख फोन करतील. पहाटे पाचचा जुना मेसेज कोणाला पाठवला असेल, तर हाही पाठवा.