गंगाजळी सगळी विकली गेली नव्हती

‘रुपया सावरताना गंगाजळी आटली’ या लेखातील (रविवार पुरवणी) साठा घटला तेवढे सगळे डॉलर रिझर्व्ह बँकेने विकून उधळले, हा निष्कर्ष पटला नाही. एप्रिल ते सप्टेंबर 2022 मध्ये परकीय चलनसाठा सुमारे 606 अब्ज डॉलरवरून 537 अब्जांवर आला, हे खरे. पण रिझर्व्ह बँकेने तेवढे सगळे डॉलर बाजारात विकले, असे नव्हे. साठ्याचा काही भाग युरो, पौंड, येन यांत असतो. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने व्याजदर वाढवताच ही चलने डॉलरपुढे घसरली आणि साठ्यातील जुन्या अमेरिकी रोख्यांच्या किमतीही उतरल्या. त्यामुळे हात न लावताही साठ्याचे डॉलरमधील मूल्य घटले. सुमारे 67 टक्के घट अशा मूल्यबदलाची होती, असे तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी 30 सप्टेंबर 2022 रोजी सांगितले होते.

हा फरक मराठवाड्यातल्या शेतकऱ्यालाही लागू आहे. डीएपी खत डॉलर मोजून आयात होते, आणि रुपया घसरला की त्याचा बोजा शेतकऱ्यावर नाहीतर अनुदानावर पडतो. रुपया एकदम कोसळू नये म्हणून थोडे डॉलर विकणे म्हणजे उधळपट्टी नव्हे. प्रत्यक्ष विक्रीचा आकडा रिझर्व्ह बँक दरमहा प्रसिद्ध करते. लेखकाने टीका त्यावर बेतायला हवी होती.

– एक निवृत्त बँक अधिकारी, परभणी