देव मानला नाही तर माणूस बिघडतो का?

प्रिय मनू,

परवा फोनवर तू आजीला सरळ सांगून टाकलंस की मी आता देव मानत नाही, आणि तिने विचारलं की मग उद्या खोटं बोलायला, कुणाला फसवायला तुला कोण अडवणार. तू चिडून फोन ठेवलास. तेव्हापासून मला आगरकर आठवतायत. मी रोज पूजा करते हे तुला माहितीये, तेव्हा हे देव मानणारी बाई लिहितेय असं धरूनच वाच.

गोष्ट १८९१ ची. त्याआधी कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची पोर नवऱ्याने जबरदस्तीने शरीरसंबंध केल्यामुळे मेली, आणि नवऱ्याला जेमतेम एक वर्षाची शिक्षा झाली कारण कायद्याने संमतीचं वय दहा होतं आणि तिने ते ओलांडलेलं, म्हणजे बलात्काराचा गुन्हा लागूच होईना. मग हे वय दहाचं बारा करायचं बिल आलं. बारा! आज वाचताना वाटतं यात वाद घालण्यासारखं काय होतं, पण पुण्यात रान पेटलं होतं. टिळकांचं म्हणणं की परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, आणि शास्त्राप्रमाणे मुलीच्या पहिल्या पाळीनंतर गर्भाधान, म्हणजे नवराबायकोचा पहिला संबंध, व्हायला हवं, पाळी बाराच्या आधी आली तर हा कायदा धर्मच मोडतो. (त्यांच्यावर अन्याय नको, लग्नाचं वय लोकांनी आपणहून वाढवावं असं तेही म्हणत होते, कायदा नको एवढंच.) समोर रा. गो. भांडारकर, म्हणजे संस्कृतचे केवढे पंडित आणि प्रार्थना समाजातले, पक्के आस्तिक. त्यांनी तीच शास्त्रं काढून दाखवलं की गर्भाधान पुढे ढकललं तर काही बिघडत नाही. आणि तिसरे आगरकर, देव न मानणारे, 'सुधारक' हे पत्र चालवणारे. त्यांचा सूर असा की मुलीचे हाल होतायत हे दिसतंय ना, मग पोथीला कशाला विचारायचं?

आता बघ, दोघे देव मानणारे, ग्रंथ तेच, आणि उत्तरं उलटी. देव न मानणारा मात्र त्यातल्या एका आस्तिकाच्या बाजूला. म्हणजे श्रद्धा आहे की नाही यावरून माणूस कुठल्या बाजूला उभा राहील हे ठरलंच नाही, आणि आज आपण भांडारकरांचं बरोबर म्हणतो ते त्यांचं संस्कृत जास्त चांगलं होतं म्हणून नाही, त्या पोरीकडे बघून म्हणतो. शास्त्रातला कुठला अर्थ घ्यायचा हे ठरवणारी मोजपट्टी शास्त्राच्या बाहेर होती. प्लेटोने फार पूर्वी सॉक्रेटिसच्या तोंडी हाच प्रश्न घातलाय, देवांना आवडतं म्हणून ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवांना आवडतं? पहिलं धरलं तर उद्या देवाला फुलमणीचं मरण आवडलं तर तेही चांगलं म्हणावं लागेल, आणि दुसरं धरलं तर चांगलं काय हे देवाच्या आधीच ठरलेलं असतं. मी देव मानते तरी मला दुसरंच पटतं.

आजी म्हणेल, ती पोर बघून पोटात कालवतं ती दया तरी कुणी दिली, देवानेच ना. असेल बाई. पण मग ती त्याने आगरकरांनाही दिलीच की, त्यांनी त्याला नमस्कार न करता. आणि ज्याला फक्त नरकाची भीती अडवते त्याला मी चांगला नाही म्हणणार, सावध म्हणेन, तेवढं काम पोलीसही करतात.

पण तूही फार खुश होऊ नकोस, कारण तुझ्या बाजूलाही भोक आहे. दुसऱ्याला दुखतंय तर मी का थांबू, असं कुणी निर्लज्जपणे विचारलं तर तुझ्या बुद्धिवादाकडे त्याला गप्प करेल असं उत्तर नाहीये. ज्याला काहीच वाटत नाही त्याला लॉजिकने वाटायला लावता येत नाही. अर्थात देवाचं नाव घेऊनही येत नाही, ते सोड. धर्माकडे एक गोष्ट मात्र आहे जी तुमच्याकडे कमी पडते, सवय आणि माणसं. वारीच्या वाटेवर गावागावात लोक अनोळखी माणसांना जेवायला घालतात, त्यातल्या कुणी नीतीचा पाया वगैरे विचार केलेला नसतो, बापाने घातलं म्हणून मुलगा घालतो. आगरकरांना असं काही नव्हतं. पुण्यात लोकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली, दम्याने बेजार माणूस, पगार बेताचा, आणि चाळिशीच्या आत गेला. एवढं एकट्याने सोसून नीट वागणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून तुला देव नको असेल तर नको, पण चार माणसं धर, कुठेतरी नियमाने राबायला जात जा, रक्तदान असो की वस्तीतल्या मुलांचा अभ्यास.

आणि आजीला फोन कर. तिच्याशी आगरकर नको काढूस, भांडारकरांपासून सुरू कर, ते तिला चालतील.

तुझी,
आई