विषय: 'कनेक्टिंग विमान चुकणे' या लाभाखालील दावा चुकीच्या कलमाने नाकारल्याबद्दल तक्रार

नागपूर, ३ मार्च २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
प्रवास विमा विभाग

महोदय/महोदया,

माझा आणि माझ्या पत्नीचा परदेश प्रवास विम्याचा दावा आपल्या कंपनीने फेब्रुवारीत नाकारला. नकाराच्या पत्रात कारण एकच दिले आहे : 'विमानाचा विलंब ४ तास ५० मिनिटे असून पॉलिसीतील ६ तासांच्या मर्यादेपेक्षा कमी आहे.' विलंबाचा हा आकडा बरोबर आहे. पण ६ तासांची अट ज्या लाभाला आहे, तो लाभ मी मागितलेलाच नाही.

आम्ही सिंगापूरला मुलीकडे गेलो होतो आणि दिवाळीसाठी घरी परतत होतो. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी रात्री ९.१५ला सुटणारे सिंगापूर-मुंबई विमान तांत्रिक बिघाडामुळे मध्यरात्रीनंतर २.०५ला सुटले. मुंबईत ते रात्री १२.१५ला यायचे, ते पहाटे ५.०५ला उतरले. आमचे नागपूरचे विमान ५.४०चे होते. म्हणजे तिकीट काढताना मध्ये सव्वापाच तासांहून जास्त अवकाश ठेवला होता.

देशांतर्गत विमानाचा चेक-इन काउंटर सुटण्याच्या एक तास आधी, म्हणजे ४.४०ला बंद झाला. तेव्हा आमचे विमान अजून हवेतच होते. इमिग्रेशन, सामानाचा पट्टा, पुन्हा सुरक्षा तपासणी हे सगळे त्यानंतरचे. आम्ही कितीही धावलो असतो तरी ते विमान मिळणे शक्य नव्हते.

आता मूळ मुद्दा. आपल्या पॉलिसीच्या लाभ-तक्त्यात दोन वेगवेगळ्या ओळी आहेत. 'प्रवासास विलंब' ही एक ओळ. त्यात विलंब ६ तासांहून अधिक झाला तर ठरावीक रक्कम मिळते, खर्च झाला असो वा नसो. आमचा विलंब तेवढा नव्हता, म्हणून दाव्याच्या अर्जात त्या रकान्यापुढे मी 'लागू नाही' असे लिहिले आहे. अर्जाचे ते पान पुन्हा जोडत आहे.

'कनेक्टिंग विमान चुकणे' ही दुसरी ओळ. तिच्यात तासांची वजावट नाही. तिच्या अटी अशा : आधीचे विमान बिघाड किंवा खराब हवामानामुळे उशिरा आलेले असावे, पुढचे तिकीट आधीच काढलेले असावे आणि वेळापत्रकाप्रमाणे दोन्हींमध्ये किमान ३ तासांचे अंतर असावे. हे जमले की राहण्याचा, जेवणाचा आणि पुढच्या प्रवासाचा वाजवी जादा खर्च प्रति व्यक्ती २५० डॉलरपर्यंत मिळतो. आमच्या बाबतीत या तिन्ही अटी पूर्ण होतात. दोन्ही तिकिटे एकाच पीएनआरवर हवीत असे त्या कलमात कुठेही नाही. शिवाय निवासाच्या शहरात परत पोहोचेपर्यंत विमा लागू राहतो असे तक्त्यावर स्पष्ट छापले आहे, त्यामुळे खर्च मुंबईत झाला ही हरकतही निघू शकत नाही.

अशी दोन कलमे वेगळी का ठेवतात हे आपल्या विभागाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. पहिले कलम ताटकळण्याची भरपाई करते, तिथे तास मोजणे योग्यच आहे. दुसऱ्यात विलंब किती तासांचा यापेक्षा पुढचे विमान चुकले का, हे पाहायचे असते. दोन तासांच्या विलंबानेही ते चुकू शकते आणि दहा तासांच्या विलंबानेही न चुकू शकते. पहिल्या कलमाची मर्यादा दुसऱ्याला लावायची, तर त्या वेगळ्या ओळीला काही अर्थच राहत नाही.

विमान कंपनीच्या लेटरहेडवरचे पत्र दाव्यासोबत दिले होते. त्यात विमान क्रमांक, सुटण्याच्या व उतरण्याच्या ठरलेल्या आणि प्रत्यक्ष वेळा, बिघाडाचे कारण हे सगळे आहे. पुढचे तिकीट वेगळे असल्याने मुंबईत हॉटेल किंवा जेवण दिलेले नाही, असेही त्यात नमूद आहे. हे पत्र मिळवण्यासाठी मला बराच पाठपुरावा करावा लागला. आपल्या नकाराच्या पत्रात त्याचा उल्लेखसुद्धा नाही, याचे मला सर्वांत वाईट वाटले.

खर्चाचा हिशेब असा. २९ तारखेला धनत्रयोदशी होती. त्या दिवशीच्या नागपूरच्या कोणत्याही विमानात दोन जागा शिल्लक नव्हत्या, रेल्वेचे आरक्षण मिळण्याचा प्रश्नच नव्हता. ३० तारखेच्या सकाळची दोन तिकिटे १३,६८० रुपयांना मिळाली. चुकलेल्या तिकिटांवरील विमानतळ शुल्काचे ९४० रुपये परत आले, ते मी स्वतःहून वजा केले आहेत. अंधेरी पूर्वेतल्या हॉटेलची खोली ४,००० अधिक १२ टक्के जीएसटी, म्हणजे ४,४८० रुपये. दिवसभराचे दोघांचे जेवणखाण १,२६५ रुपये. एकूण १८,४८५ रुपये. रिक्षाची पावती मिळत नाही, म्हणून ते पैसे मागितलेले नाहीत.

जेवणाच्या पावत्यांबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण जानेवारीत आपल्याकडून 'पावत्या वाचता येत नाहीत, मूळ प्रत पुन्हा पाठवा' असा ईमेल आला. त्या पावत्या थर्मल कागदावरच्या होत्या. या कागदावर शाई नसते, उष्णतेने काळे झालेले अक्षर काही महिन्यांत उडून जाते. नोव्हेंबरमध्ये कुरिअरने पाठवल्या तेव्हा त्या स्वच्छ वाचता येत होत्या. मूळ प्रती आपल्याच ताब्यात असताना त्या माझ्याकडे पुन्हा मागणे बरोबर नाही. सुदैवाने प्रत्येक पावतीचा फोटो मी त्याच दिवशी काढला होता. फोटोत उपाहारगृहाचे नाव, जीएसटी क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम दिसते. शिवाय पैसे यूपीआयने दिलेले असल्याने बँकेच्या उताऱ्यात त्याच रकमा त्याच तारखेला आहेत. दोन्ही समोरासमोर ठेवून तपासावे, एका रुपयाचाही फरक निघणार नाही.

माझी मागणी अशी की, दाव्याची फाइल पुन्हा उघडून तो 'कनेक्टिंग विमान चुकणे' या कलमाखालीच तपासावा आणि १८,४८५ रुपये द्यावेत. दावा निकाली काढण्यास झालेल्या उशिराबद्दल नियमाप्रमाणे बँक दर अधिक २ टक्के व्याजही द्यावे. तरीही नकारच द्यायचा असेल, तर या कलमातील कोणती अट आमच्याकडून पूर्ण झाली नाही, ते त्या अटीचे शब्द उद्धृत करून लेखी कळवावे. '६ तासांपेक्षा कमी' हे उत्तर मला मान्य नाही.

तक्रारीवर १४ दिवसांत उत्तर देणे आपल्यावर बंधनकारक आहे. तोवर मी थांबतो. समाधानकारक उत्तर न आल्यास 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर हीच सर्व कागदपत्रे घेऊन विमा लोकपालांकडे जाईन. तिथे वकील किंवा शुल्क लागत नाही.

सोबत : पॉलिसीचा लाभ-तक्ता व संबंधित कलमाचे पान, दोन्ही प्रवासांची तिकिटे व बोर्डिंग पास, विमान कंपनीचे विलंबाचे पत्र, हॉटेलचे जीएसटी बिल, जेवणाच्या पावत्यांचे फोटो, बँकेचा उतारा, शुल्क परताव्याचा ईमेल आणि आपले नकाराचे पत्र. पॉलिसी व दावा क्रमांक पहिल्या सहपत्रावर आहेत.

आपला,
विमाधारक
(स्वतःकरिता व पत्नीकरिता)