अर्जाचं सहावं पान

मा. केंद्रीय कायदा व न्याय मंत्री,
स. न. वि. वि.

माझी धाकटी बहीण मराठी मालिकांत काम करते. फेब्रुवारीत तिने कुटुंब न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज केला. चौथ्याच दिवशी एका पोर्टलवर त्या अर्जाच्या सहाव्या पानाचा फोटो झळकला. नवरा-बायकोतली भांडणं, तिच्या औषधपाण्याचा तपशील आणि माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याचं नाव, शाळेसकट. सोमवारी स्कूलबसमध्ये मोठ्या पोरांनी ते पान मोबाइलवर त्याला वाचून दाखवलं. तेव्हापासून तो बसमध्ये चढत नाही. रोज मीच सोडायला जातो. तरी फाटकाच्या एक गल्ली आधीच तो उतरायला मागतो.

पोर्टलच्या तक्रार अधिकाऱ्याने 15 दिवसांत निर्णय द्यायचा, असा सरकारचाच 2021 चा नियम आहे. आज 41 वा दिवस. संपादक फोनवर म्हणाले, "कोर्टाचे कागद म्हणजे सार्वजनिक नोंद. आणि लग्नाचे फोटो मॅडमनीच टाकले होते ना?"

सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली राजगोपाल खटल्यात सांगितलं, की कुणाचं कुटुंब, लग्न, मातृत्व, मुलांचं शिक्षण यांवर संमतीशिवाय लिहायचं नाही. मात्र कोर्टाच्या नोंदींसारख्या सार्वजनिक कागदांना सूट. संपादकांनी ती सूट तेवढी उचलली. हिंदू विवाह कायद्याचं कलम 22 मात्र सोडून दिलं. त्यानुसार घटस्फोटाची सुनावणी बंद दाराआड होते आणि तिच्याविषयी काहीही छापायला मनाई आहे. छापता येतो तो फक्त उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, तोही त्या न्यायालयाच्या परवानगीने. लग्नाचा फोटो टाकला, तर संमती त्या फोटोपुरतीच. सहावं पान त्यात येत नाही.

बातमीदारी बंद करा, असं मी म्हणत नाही. तिने कुणाचे पैसे बुडवले असते, निवडणुकीला उभं राहून प्रतिज्ञापत्रात मालमत्ता लपवली असती, तर ते खुशाल छापावं. तिथे लोकांचा संबंध येतो. तिच्या औषधांशी कुणाचा काय संबंध?

आणि हे कलम मोडल्याची शिक्षा? जास्तीत जास्त 1000 रुपये दंड! नुसता दंड, म्हणून गुन्हा अदखलपात्र. ठाण्यात एन.सी. लिहून घेतली आणि मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगितलं. वकिलाने पहिल्याच तारखेचे 25,000 मागितले. कायदा मोडणाऱ्याला हजार आणि कायदा मागणाऱ्याला पंचवीस हजार, हा कुठला न्याय, साहेब? पोलीस कोर्टाकडे बोट दाखवतात, कोर्ट तारीख देतं, आणि तोवर ते पान हजारो मोबाइलवर फिरलेलं असतं. हे माहिती-प्रसारण खात्याचं काम आहे, असं आता तुम्ही तरी सांगू नका. कलम 22 तुमच्या खात्याचं आहे. त्यातला दंड त्या बातमीवर झालेल्या कमाईच्या पटीत करा, आणि मजकूर 24 तासांत उतरवायचा हुकूम कुटुंब न्यायालयालाच तिथल्या तिथे देता येईल, अशी तरतूद करा.

सोबत त्या पानाची प्रत जोडली आहे. भाच्याचं नाव मी काळ्या पेनाने खोडलंय. पोर्टलवर ते अजून तसंच आहे.

आपला,
एक मामा, पुणे